एकाच गठ्ठ्याचे दोन परीक्षक, दर पेपरला अडीच गुणांचा फरक: नागरिकशास्त्राचं मॉडरेशन कसं करावं?

गिरणाकाठ (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत समाजशास्त्र शिकवतो. यंदा परीक्षा विभाग माझ्याकडे आलाय आणि पहिल्याच फेरीत अडकलोय.

आम्ही तीन शाळांनी मिळून दहावीची राज्यशास्त्राची २० गुणांची सराव चाचणी घेतली. (पुस्तकावर राज्यशास्त्र लिहिलेलं असलं तरी आमच्या स्टाफरूममध्ये अजून नागरिकशास्त्रच म्हणतात, म्हणून शीर्षकात तेच लिहिलं.) एका गठ्ठ्यात ३६ उत्तरपत्रिका. आधी आमच्या ज्येष्ठ सरांनी तपासल्या. दोन पालकांनी तक्रार केली, तेव्हा मुख्याध्यापकांनी तोच गठ्ठा शेजारच्या शाळेतल्या मॅडमकडे पाठवला. सरांची सरासरी १३ आली, मॅडमची साडेदहा. उत्तीर्णतेला ७ गुण लागतात. सरांच्या हिशोबाने दोन मुलं नापास, मॅडमच्या हिशोबाने नऊ. नापासांना सकाळचे जादा तास लावायचेत आणि पहिल्या पाचांना गावातल्या एका देणगीदाराकडून बक्षीस आहे, त्यामुळे गुण नुसते रजिस्टरमध्ये पडून राहणार नाहीत.

सर म्हणतात, ‘मॅडम पोरांचे गुण मारतात.’ मॅडम म्हणतात, ‘सर गुण वाटतात.’ मुख्याध्यापक म्हणतात, दोघांची सरासरी काढ आणि मोकळा हो. मला मोकळं व्हायचं नाहीये, बरोबर करायचंय. कुणी असं काम केलंय का?

रावेरकर (रविवार, रात्री १०:१५)

मुख्याध्यापक बरोबर सांगताहेत. मी महाविद्यालयात आहे, आमच्याकडे दुहेरी तपासणीत हाच नियम चालायचा: दोघांतला फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तर सरासरी, मर्यादेबाहेर गेला तर तिसरा परीक्षक. दोन माणसांचं मत एका माणसाच्या मतापेक्षा भरवशाचं असतं, एवढं साधं आहे. २० गुणांना २ ची मर्यादा धरा. जेवढ्या पत्रिका त्याबाहेर जातील तेवढ्याच तिसऱ्याला द्या. एका संध्याकाळचं काम.

केळीबाग (रविवार, रात्री १०:५०)

माझ्या मुलीचाही हाच प्रश्न आहे. बोर्डात समाजशास्त्रात तिला अपेक्षेपेक्षा नऊ गुण कमी पडले. गुणपडताळणीचा अर्ज केला तर दुसरा परीक्षक पेपर पुन्हा तपासतो का? आणि दोघांचे गुण वेगळे आले तर जास्तीचे धरतात का? कृपया लवकर सांगा.

पांझरा (सोमवार, सकाळी ६:२०)

केळीबाग ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. गुणपडताळणीत उत्तर पुन्हा तपासत नाहीत. बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहून गेलंय का, एवढंच बघतात. पुन्हा तपासून हवं असेल तर ते पुनर्मूल्यांकन. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. छायाप्रत हातात आली की विषयाच्या शिक्षकांसोबत बसा आणि मगच ठरवा. मुदत थोडी असते, शाळेत आजच विचारा.

आता गिरणाकाठ सर. मी धुळ्याचा, नोकरीत असताना बरीच वर्षं नियामक म्हणून परीक्षकांनी तपासलेल्या पत्रिका पुन्हा बघायचं काम केलं. माझं म्हणणं असं की सरासरीला आत्ता हात लावू नका. सरासरी वाईट आहे म्हणून नव्हे. फरक कशाचा आहे ते कळण्याआधी सरासरी काढली की तो फरक कायमचा पुसला जातो, मग शोधायला काही उरत नाही.

एक कोरा कागद घ्या, किंवा एक्सेल असेल तर एक्सेल. आधी दोघांच्या बेरजा स्वतः पुन्हा मारा. मग प्रत्येक पत्रिकेपुढे सरांचे गुण वजा मॅडमचे गुण लिहा, चिन्हासकट. ३६ आकडे मिळतील. ते सगळे अडीचच्या आसपास असतील तर मॅडमचा हात सगळ्यांना सारखाच आखडता आहे, आणि तो प्रश्न सोपा आहे. पण कुठे शून्य, कुठे पाच असं असेल तर हा हाताचा प्रश्न नाही. दोघं एकच उत्तर वेगवेगळ्या नियमाने वाचताहेत. तसं निघालं तर हीच वजाबाकी प्रश्नवार करा.

अमळनेरकर (सोमवार, सकाळी ८:०५)

एवढं कशाला? मॅडमच्या गुणांत सरसकट अडीच मिळवा. दोघांची सरासरी एक होईल, कुणाची तक्रार राहणार नाही.

पांझरा (सोमवार, सकाळी ८:३०)

भाऊ, सगळ्यांचा फरक अडीचच असेल तरच ते चालेल. ज्या पोराला दोघांनी सारखेच गुण दिलेत त्यालाही तुमचे अडीच फुकट मिळतील, आणि ज्याला मॅडमनी सहा कमी दिलेत तो साडेतीन मागेच राहील. आकडे येऊ द्या.

गिरणाकाठ (मंगळवार, रात्री ११:१०)

काल आणि आज शाळा सुटल्यावर बसलो. दोन पत्रिकांत सरांची बेरीज चुकली होती, एकीत एक कमी, एकीत एक जास्त, त्यामुळे सरासरी तीच राहिली. पण ज्याचा एक गुण गेला होता तो मुलगा सरांच्या यादीत नापासांत होता. हे आधीच बघायला हवं होतं, याचं वाईट वाटलं.

आता वजाबाकी. आठ पत्रिकांत फरक शून्य किंवा अर्धा. सात पत्रिकांत पाच किंवा त्याहून जास्त. बाकीच्या मधे कुठेतरी. म्हणजे सरसकट अडीच नाहीच.

मग प्रश्नवार केलं. प्रश्न १, रिकाम्या जागा, ४ गुण: ३६ पत्रिकांत मिळून फरक शून्य. प्रश्न २, विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा, तीन विधानं, ६ गुण: फरक ५४ गुण. प्रश्न ३, संकल्पना, ४ गुण: फरक ९. प्रश्न ४, थोडक्यात उत्तरे, प्रत्येकी ३ गुणांची दोन: फरक २७. एकूण ९०, भागिले ३६, अडीच. निम्म्याहून जास्त भांडण एकट्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

पांझरा (बुधवार, सकाळी ६:००)

वाटलंच होतं. ‘सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न बोर्डाच्या पेपरातही असतो आणि नियामकांच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. उत्तरसूचीत त्या प्रश्नापुढे काय लिहिलं होतं?

गिरणाकाठ (बुधवार, दुपारी १:३०)

‘प्रत्येकी २ गुण.’ बस, एवढंच. आणि खाली नमुना उत्तर.

पांझरा (बुधवार, दुपारी २:१५)

मग दोघांपैकी कुणाचीच चूक नाही. दोन गुण कशाकशाचे, हे तुमच्या उत्तरसूचीने सांगितलंच नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सवयीने ते फोडले. सरांना मवाळ आणि मॅडमना कडक म्हणणं आता सोडून द्या. ज्या ज्या उत्तरात दोघांचे गुण वेगळे आहेत ती एकेक वाचा आणि पोराने काय लिहिलंय त्यावरून ढीग करा. गुण बघून ढीग करू नका, उत्तर बघून करा.

गिरणाकाठ (गुरुवार, रात्री १०:००)

केलं. ३६ मुलांची प्रत्येकी तीन म्हणजे १०८ उत्तरं. त्यातल्या ५२ उत्तरांत फरक आहे आणि त्यांचे सरळ ढीग पडले.

एक विधान होतं, ‘भारतात मतदानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.’ त्यावर एका मुलाने लिहिलंय: ‘चूक. कारण हे विधान चुकीचे आहे.’ निवाडा बरोबर, कारण काहीच नाही. असली ३३ उत्तरं. सरांनी प्रत्येकाला १, मॅडमनी ०.

दुसऱ्या मुलीने त्याच विधानावर लिहिलंय: ‘पूर्वी २१ वर्षे होते. ६१ वी घटनादुरुस्ती होऊन ते १८ केले. त्यामुळे तरुणांना मतदानाची संधी मिळाली.’ चूक की बरोबर हा शब्दच नाही. असली १७ उत्तरं. इथेही सरांचा १, मॅडमचा ०. मॅडमना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, ‘निवाडा नाही म्हणजे प्रश्नाचं उत्तरच नाही.’ ही १७ उत्तरं जवळजवळ सगळी एकाच शाळेच्या मुलांची आहेत. तिथे ‘आधी कारण लिहा’ असं शिकवलं गेलंय, असं कळलं.

उरलेली दोन म्हणजे खाडाखोड. ‘बरोबर’ खोडून वर बारीक ‘चूक’ लिहिलेलं. सरांना ते दिसलं, मॅडमना नाही. तिथे २ आणि ०.

३३ अधिक १७ अधिक ४, बरोबर ५४.

आता मला जे दिसलं त्याने झोप उडाली. पत्रिका क्रमांक ७ मध्ये तिन्ही ठिकाणी नुसतं चूक-बरोबर लिहिलंय. सर ३, मॅडम ०. पत्रिका क्रमांक २९ मध्ये तिन्ही कारणं चोख, निवाडा कुठेच नाही. सर ३, मॅडम ०. सरासरी काढली असती तर दोघांना दीड-दीड मिळाले असते. एकाला विषय येतो आणि एकाने अंदाजाने टिचकी मारली, तरी दोघं एका पायरीवर.

रावेरकर (गुरुवार, रात्री १०:४५)

हे उदाहरण मान्य. माझ्या नियमात हे पकडलं गेलं नसतं. फरक ३ म्हणून तिसऱ्याकडे गेलं असतं आणि तिसऱ्यालाही तीच अपुरी उत्तरसूची मिळाली असती. पण तुमचा नियम आता काय? कुणाची बाजू घेणार?

पांझरा (शुक्रवार, सकाळी ६:१०)

कुणाचीच पूर्ण घेऊ नका, इथे उत्तर दोन्हीकडे वाटलं गेलंय. नुसत्या निवाड्याला माझ्या मते शून्य. दोनच पर्याय आहेत, डोळे मिटून लिहिलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणार, आणि प्रश्नाने मागितलंय ते स्पष्टीकरण. म्हणजे पहिल्या ढिगात मॅडम बरोबर. दुसऱ्या ढिगात सर बरोबर, ‘पूर्वी २१ होते, ते १८ केले’ म्हटल्यावर विधान चूक आहे हे पोरीने सांगितलंच आहे.

आणि हा नियम तोंडी ठेवू नका. उत्तरसूचीवर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, मग ती ५२च नाही, १०८च्या १०८ उत्तरं त्या नियमाने पुन्हा बघा. फरक नसलेल्या उत्तरांतही दोघांनी मिळून एकसारखी चूक केलेली असू शकते.

शहादा_ताई (शुक्रवार, सायंकाळी ७:२०)

मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवते. पहिल्या ढिगाबद्दल माझं मत वेगळं आहे. प्रश्नात दोन कामं सांगितली आहेत, चूक की बरोबर ते ठरवा आणि कारण द्या. मुलाने पहिलं काम केलं, ते बरोबर निघालं, तर त्याचं काहीच नाही? माझ्या वर्गात घरी मराठी न बोलणारी मुलं आहेत. त्यांना विधान कळतं, निवाडा येतो, पण कारण मांडायला भाषा अडते. त्यांचा तो एक गुण अंदाजाचा नसतो. तुमचा नियम त्यांना सरळ शून्यावर नेतो.

आणि दुसऱ्या ढिगाला १ च का? निवाडा उत्तरातच आहे असं तुम्हीच म्हणता, मग २ का नाहीत?

पांझरा (शुक्रवार, रात्री ८:००)

ताई, दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही मला पकडलंत. सूचना न पाळल्याचा एक गुण जावा असं मी वर्षानुवर्षं करत आलो. पण ‘निवाडा दिलाच आहे’ असंही मीच म्हणतोय, तेव्हा ते जुळत नाही. पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. पोराला विधान कळलं की नशीब लागलं हे परीक्षकाला कागदावरून ओळखता येत नाही. तशी मुलं वर्गात असतील तर पेपर काढतानाच निवाड्याचा अर्धा गुण वेगळा लिहून टाकावा. तपासताना दया दाखवायची म्हटली की ती एका गठ्ठ्याला मिळते आणि दुसऱ्याला नाही.

शहादा_ताई (शुक्रवार, रात्री ८:४०)

पेपर काढताना लिहावं, हे पटलं. या गठ्ठ्यातल्या ३३ उत्तरांबद्दल मात्र मला अजून पटलेलं नाही.

अमळनेरकर (शनिवार, सकाळी ९:३०)

मागे सरसकट अडीच म्हणालो ते मागे घेतो. पण पांझरा सरांनी ‘दोघांनी मिळून एकसारखी चूक’ म्हटलं त्यावरून विचारतो. गिरणाकाठ सर, पहिल्या प्रश्नात फरक शून्य आहे म्हणून तुम्ही तो सोडून दिला. त्या रिकाम्या जागा काय होत्या?

गिरणाकाठ (शनिवार, सकाळी ११:००)

एक अशी होती: ‘स्थानिक शासनसंस्थांमध्ये महिलांसाठी ____ टक्के जागा राखीव आहेत.’ उत्तरसूचीत ५०. दोघांनीही ५० ला गुण दिलाय आणि बाकी सगळ्यांना शून्य.

अमळनेरकर (शनिवार, सकाळी ११:२०)

३३ किती जणांनी लिहिलंय?

गिरणाकाठ (शनिवार, दुपारी १२:४५)

पाच जणांनी. आणि आता कळतंय तुम्ही का विचारलंत. आमच्या प्रश्नात ‘महाराष्ट्रात’ हा शब्दच नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. ‘महाराष्ट्रात’ लिहिलं असतं तर ५० हेच उत्तर. न लिहिल्यामुळे ३३ म्हणणारा मुलगा चुकला असं म्हणता येत नाही. त्या पाचपैकी एकाने तर शेजारी ‘एक तृतीयांश’ असंही लिहिलंय.

दोन परीक्षक शंभर टक्के एकमत, आणि पाच मुलांचा हक्काचा गुण गेला. हे मला कुठल्याही वजाबाकीत सापडलं नसतं.

पांझरा (शनिवार, दुपारी १:३०)

अमळनेरकर भाऊ, ही नजर चांगली. मीही तो प्रश्न सोडूनच दिला होता. पाचही जणांना एकेक गुण द्या, दोघांच्या तक्त्यात. आता चौथ्या प्रश्नाचं सांगा. तो नागरिकशास्त्राचा खरा अवघड भाग असणार.

गिरणाकाठ (रविवार, दुपारी ४:००)

चौथ्यातला २७ पैकी २० गुणांचा फरक एकाच उपप्रश्नात आहे: ‘स्थानिक शासनसंस्थांतील महिला आरक्षणामुळे झालेले बदल लिहा.’ आणि तोही अकराच पत्रिकांत. एक उत्तर जसंच्या तसं देतो:

‘आमच्या गावी सरपंच बाई आहे. आधी मिटिंगला तिचे मालक बसायचे. आता ती स्वतः बसते. नळाची गोष्ट तिनेच बोलली म्हणून नळ आले. मन्ही काकी आता ग्रामसभाले जास. आधी बायका जात नव्हत्या.’

सरांनी ३ पैकी ३ दिले, शेजारी ‘छान’ लिहिलंय. मॅडमनी १. मॅडमचं म्हणणं असं की घटनादुरुस्ती नाही, टक्केवारी नाही, पुस्तकातला एकही मुद्दा नाही, आणि मधे अहिराणी वाक्य आहे. बाकीची दहा उत्तरंही याच जातीची, गावचं सांगणारी. काही खरंच चांगली आहेत, काहींत नुसती सरपंचबाईंची स्तुती आहे.

रावेरकर (रविवार, सायंकाळी ५:१०)

मी मॅडमच्या बाजूने. शास्त्राच्या पेपरात घरची गोष्ट चालत नाही. आज एका गावात नळ आले, उद्या दुसरा लिहील आमच्याकडे काहीच बदललं नाही. दोन्ही बरोबर धरणार का?

शहादा_ताई (रविवार, सायंकाळी ६:००)

हो, दोन्ही बरोबर धरीन, जर त्याने का बदललं नाही ते सांगितलं तर. प्रश्न बदल विचारतोय, तरतूद विचारत नाहीये. त्या मुलीने तीन बदल सांगितलेत: बाई स्वतः बैठकीला बसते, पाण्याचा प्रश्न तिने मांडला, इतर बायका ग्रामसभेला जाऊ लागल्या. पुस्तकात ‘महिलांचा निर्णयप्रक्रियेतील सहभाग वाढला’ असं एक वाक्य असतं. ते पाठ करून लिहिणाऱ्याला गुण, आणि ज्याने तो सहभाग डोळ्यांनी बघून लिहिला त्याला कापायचे? आणि ‘काकी ग्रामसभाले जास’ हे कुणाला कळलं नाही? हा भाषेचा पेपर नाही.

पांझरा (रविवार, सायंकाळी ७:१५)

ताईंशी सहमत, पण सरांच्या ३ शी पूर्ण सहमत नाही. ‘नळ आले’ हा बदल आरक्षणामुळे झाला हे तिच्या उत्तरात जोडलेलं दिसतं, कारण तिने ‘तिनेच बोलली म्हणून’ लिहिलंय. ते ‘म्हणून’ महत्त्वाचं. ज्यांनी नुसतं ‘आमच्या सरपंचबाई चांगल्या आहेत, त्यांनी रस्ता केला’ लिहिलंय त्यांच्यात बाई असल्यामुळे काय बदललं ते आलेलंच नाही, पुरुष सरपंचही रस्ता करतो. नियम असा करता येईल: प्रत्येक बदलाला एक गुण, तो पुस्तकातला असो की गावातला, पण आरक्षणाशी धागा जोडलेला हवा. बोलीसाठी गुण कापू नयेत.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. मॅडमकडे पत्रिका गेल्या तेव्हा त्यावर सरांचे गुण दिसत होते का?

गिरणाकाठ (रविवार, रात्री ८:३०)

हो, सरांच्या लाल पेनाच्या खुणा आणि गुण तसेच होते. मॅडमनी हिरव्या पेनाने शेजारी लिहिले.

पांझरा (रविवार, रात्री ९:००)

मग तुम्हाला दिसणारा फरक खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. समोर ‘३’ दिसत असताना ० द्यायला हात धजत नाही, माणूस १ देतो. तिसऱ्या प्रश्नात फरक ९च गुणांचा आहे, म्हणून तिथे एकमत आहे असं मी लगेच मानणार नाही. हे तपासायचा एक उपाय आहे. अकरापैकी दहा उत्तरं टाइप करा, नाव नाही, क्रमांक नाही, जुने गुण नाहीत. शब्द आणि बोली मात्र जशीच्या तशी ठेवा, तुम्ही शुद्ध करू नका. आठवडाभराने सरांना आणि मॅडमना वेगवेगळं बसवून तपासायला द्या. दोघं एकमेकांशी किती जुळतात हे तर कळेलच, पण स्वतःशी किती जुळतात हेही कळेल.

केळीबाग (रविवार, रात्री ९:४०)

पांझरा सर, छायाप्रतीचा अर्ज केला. धन्यवाद. हा धागा वाचून एक विचारते, बोर्डात पेपर तपासणाऱ्यांची आधी अशी बैठक होते का?

पांझरा (रविवार, रात्री ९:५५)

होते ताई. उत्तरसूचीवर चर्चा होते, नमुना पत्रिका तपासल्या जातात, आणि परीक्षकांनी तपासलेल्यांतल्या काही नियामक पुन्हा बघतो. तरी माणसं तीच असतात, म्हणूनच छायाप्रत मागवायला सांगितलं.

गिरणाकाठ (दहा दिवसांनी, बुधवार, रात्री १०:३०)

उशीर झाला, पण सगळं पार पाडून लिहितोय.

दुसऱ्या प्रश्नाचा नियम लिहून काढला. नुसत्या निवाड्याला ०. निवाडा न लिहिता कारण बरोबर असेल तर १ (ताई, बैठकीत २ साठी मी भांडलो, पण दोघंही १ वर थांबले). खाडाखोडीची दोन उत्तरं भिंगाखाली बघितली, दोन्हीकडे ‘चूक’ स्पष्ट होतं, २-२ दिले. सरांचे ३३ गुण उतरले, मॅडमचे २१ चढले, दुसऱ्या प्रश्नातला फरक शून्यावर आला. १०८ उत्तरं पुन्हा बघितली. पहिल्या प्रश्नातले पाच गुण दोघांच्या तक्त्यात चढवले. सरांची सरासरी १२.२ झाली, मॅडमची ११.२. क्रमांक ७ च्या मुलाला दुसऱ्या प्रश्नात ०, क्रमांक २९ च्या मुलीला ३.

टाइप केलेली दहा उत्तरं दोघांना दिली. मॅडमनी एका उत्तरात स्वतःचेच आधीचे गुण बदलले. सरांनी चार उत्तरांत बदलले, दोन ठिकाणी वर, दोन ठिकाणी खाली. मी दोन्ही कागद सरांपुढे शेजारी ठेवले. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘अक्षर ओळखीचं असलं की मी पोराला तपासतो, उत्तराला नाही.’ तेव्हापासून मॅडम गुण मारतात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मॅडमनीही सरपंचबाईंच्या उत्तराला दुसऱ्यांदा, लाल पेन समोर नसताना, २ दिले.

मग एका दुपारी दोघं शाळेत एका टेबलाशी बसले. पांझरा सरांचा नियम समोर ठेवला. अकरापैकी आठ पत्रिकांत एकमत झालं. तीन राहिल्या, त्यांत ती सरपंचबाईंची पत्रिकाही आहे: सर ३ वर ठाम, मॅडम दीडवर गेल्या. टाइप केलेल्याला २ दिले होते, मग दीड का, विचारलं तर म्हणाल्या, नियमाप्रमाणे ‘आधी बायका जात नव्हत्या’ हा वेगळा बदल धरता येत नाही, आणि काकींच्या वाक्याचा धागा अर्धाच जोडलाय. मला दोघांचंही ऐकून पटतं, म्हणून मी निर्णय दिला नाही.

एवढं झाल्यावर उरलेला फरक सरासरी अर्ध्या गुणाच्या थोडा वर आहे, कुठे इकडे, कुठे तिकडे. तिथे रावेरकर सरांचा नियम लावला आणि सरासरी काढली. नापास आता पाच.

रावेरकर (बुधवार, रात्री ११:००)

तिथे ती बरोबर बसते, फरकाला काही दिशा उरलेली नाही म्हणून. त्या तीन पत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जाणार ना?

गिरणाकाठ (बुधवार, रात्री ११:१०)

हो, पारोळ्याच्या एका शिक्षकांना विचारलंय. त्यांना नियमाचा कागद देणार आहे, पण मूळ पत्रिका नाही. त्यावर आता लाल, हिरवं आणि माझं निळं, तीन रंग झालेत. तिन्ही उत्तरं टाइप करतोय.

शहादा_ताई (बुधवार, रात्री ११:२५)

काकींचं वाक्य टाइप करताना अहिराणीच ठेवा हं सर.

गिरणाकाठ (बुधवार, रात्री ११:३०)

तसंच ठेवलंय ताई. ‘मन्ही काकी आता ग्रामसभाले जास.’